समाधानी ग्राहकाकडे अभिप्राय व नमुन्याची परवानगी मागणारे पत्र

आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेत बसून पदवीधर झालेल्या मुलामुलींपैकी काहीजण आता घरी बसून लेखनाची कामे घेऊ लागले आहेत. कोणी कारखान्यांच्या माहितीपुस्तिका लिहितो, कोणी भाषांतर करतो, कोणी दुकानांच्या जाहिरातींचा मजकूर तयार करतो. अशा मुक्त लेखकाला नवे काम मिळवायचे म्हणजे दोनच गोष्टी दाखवता येतात. एक, पूर्वी केलेल्या कामाचे नमुने, ज्याला सगळे पोर्टफोलिओ म्हणतात. आणि दुसरी, ज्यांचे काम केले त्यांचा अभिप्राय. दोन्ही गोष्टी जुन्या ग्राहकाकडून मागून घ्याव्या लागतात आणि आजकाल ते मागणे ई-मेलने होते. हे पत्र कसे लिहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आमच्या परिचयातील एका लेखिकेच्या बाबतीत जे घडले, तेच उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांसमोर ठेवीत आहोत.

ही लेखिका मराठीची एम.ए. आहे. कोल्हापूर भागातील शेतीपंप बनविणाऱ्या एका लघुउद्योगाने तिला चोवीस पानांची माहितीपुस्तिका लिहायला दिली होती. जुनी पुस्तिका इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून उतरवलेली होती. "प्राइमिंग केल्याशिवाय संच कार्यान्वित करू नये," असे त्यात एक वाक्य होते. शेतकरी ते वाचून पुस्तिका बाजूला ठेवीत आणि पंप पाणी उचलेना की कंपनीला फोन करीत. वास्तविक बहुतेक वेळा बिघाड काहीच नसे. सुरू करण्यापूर्वी पंपात पाणी भरून आतली हवा घालवलेली नसे किंवा फूट व्हॉल्व्हमध्ये काडीकचरा अडकून पाणी उतरून जात असे. आमच्या लेखिकेने कारखान्यात दोन दिवस बसून फोन घेणाऱ्या माणसाचे बोलणे ऐकले आणि मग लिहिले, "पंप सुरू करण्याआधी वरचे बूच काढून त्यात काठोकाठ पाणी भरा. बुडबुडे यायचे थांबले म्हणजे हवा निघाली. मग बूच घट्ट लावा." काम ऑक्टोबरात पूर्ण झाले, पुस्तिका छापून पंपाच्या पेटीतून जाऊ लागली आणि नोव्हेंबरात तिने शेवटचे बिल पाठविले.

त्या बिलाच्या ई-मेलमध्येच, अगदी खाली, तिने दोन वाक्ये घातली होती. "माझ्या कामाबद्दल कृपया चांगला अभिप्राय द्यावा, ही नम्र विनंती. तसेच ही पुस्तिका मी माझ्या पोर्टफोलिओमध्ये टाकीत आहे, आपली हरकत नसावी असे गृहीत धरते."

बिल चुकते झाले. अभिप्राय काही आला नाही. पुस्तिका दाखवायची की नाही, हेही कळले नाही. तिने आम्हाला ते पत्र दाखविले तेव्हा आमचे मत असे पडले की, उत्तर न येण्यात ग्राहकाचा काही दोष नव्हता. बिलाचा ई-मेल हिशेबनिसाकडे जातो. तो रक्कम पाहतो आणि पुढच्या कामाला लागतो. शिवाय पैसे देणे बाकी असताना अभिप्राय मागितला की समोरच्याला दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्यासारख्या वाटतात. कामाचा उपयोग झाला की नाही, हेही तेव्हा त्याला माहीत नसते. पुस्तिका नुकतीच छापून आलेली, रब्बीचे पाणी अजून सुरू व्हायचे. मग त्याने लिहायचे तरी काय?

"चांगला" हा शब्दही खटकणारा आहे. अभिप्राय मागायचा असतो, चांगला अभिप्राय मागायचा नसतो. ते वाचणाऱ्याचे काम आहे. आणि "हरकत नसावी असे गृहीत धरते" हे वाक्य तर सर्वांत धोक्याचे. मौन म्हणजे संमती ही समजूत व्यवहारात चालत नाही. ग्राहकाने ते पत्र उघडलेच नसेल तर संमती कोणी दिली?

इथे कायदा काय म्हणतो, हे थोडक्यात पाहणे भाग आहे, कारण आपली बरीच मुले या ठिकाणी गोंधळतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे लेखनाचा पहिला हक्कदार लेखकच असतो. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर, वेगळा करार नसल्यास, तो हक्क मालकाकडे जातो. पण स्वतंत्रपणे काम घेणारा लेखक नोकर नव्हे. त्याचा हक्क दुसऱ्याकडे जायला कलम १९ प्रमाणे लेखी आणि त्याच्या सहीचे हस्तांतरण लागते. नुसते पैसे दिले म्हणून हक्क गेला, असे होत नाही. पुन्हा कलम ५७ प्रमाणे, हक्क दिल्यानंतरही, हे लेखन माझे आहे असे सांगण्याचा अधिकार लेखकाजवळ राहतो.

मग परवानगी कशाला मागायची, असे कोणी विचारील. त्याला कारण असे की, पुस्तिकेत केवळ लेखिकेचा मजकूर नसतो. त्यात कंपनीचे बोधचिन्ह असते, कंपनीने पैसे देऊन काढून घेतलेली छायाचित्रे असतात (अशा छायाचित्रांचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडेच असतो), पंपाचे आराखडे असतात. यांपैकी काहीच लेखिकेचे नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे काम स्वीकारताना सही केलेला कागद. आमच्या लेखिकेने एका पानाच्या करारावर सही केली होती आणि त्यात "कामाच्या ओघात मिळालेली तांत्रिक व व्यापारी माहिती तिसऱ्या व्यक्तीस देणार नाही" असे कलम होते. हक्क आपला असला तरी दिलेला शब्द मोडता येत नाही. म्हणून पत्र लिहायला बसण्यापूर्वी पहिले काम म्हणजे जुना करार काढून वाचणे. तिने तो वाचला तेव्हा कळले की, पेटीतून शेतकऱ्याच्या हाती जाणारी पुस्तिका गुपित राहिलेली नाही. पण वितरकांसाठी तिने जी वेगळी सेवा-मार्गदर्शिका लिहिली होती, ती त्या कलमात नक्कीच येते. तिचा उल्लेख नमुन्यांत करायचाच नाही, हे तेथेच ठरले.

जानेवारीत एका वेगळ्याच कामासाठी तिने कंपनीच्या सेवा विभागाच्या प्रमुखांना फोन केला. बोलता बोलता ते म्हणाले, "मॅडम, तुमची पुस्तिका पेटीत जायला लागल्यापासून पाणी उचलत नाही म्हणून येणारे फोन निम्मे झाले बघा." पत्र लिहायची वेळ ती हीच. काम झाल्यावर ठरावीक दिवसांनी मागावे, असा नियम काही जण सांगतात. आमच्या मते दिवस मोजण्यापेक्षा ग्राहकाच्या तोंडून आपणहून निघालेल्या शब्दाकडे लक्ष ठेवावे. फार दिवस गेले तर तपशील विसरले जातात, माणसेही बदलतात. तिने चार दिवसांनी पुढील पत्र पाठविले. ते आम्ही नाव-गाव वगळून देत आहोत.

विषय : पंप माहितीपुस्तिका – दोन छोट्या विनंत्या

मा. साहेब,

नमस्कार. गेल्या सोमवारी फोनवर आपण सांगितलेत की, नवी पुस्तिका पेटीतून जाऊ लागल्यापासून "पंप पाणी उचलत नाही" असे फोन कमी झाले आहेत. ऐकून समाधान वाटले. त्या अनुषंगाने दोन विनंत्या करीत आहे. दोन्ही स्वतंत्र आहेत. एक मान्य करून दुसरी नाकारलीत तरी चालेल.

पहिली विनंती अभिप्रायाची. पुस्तिकेबद्दल तीन-चार वाक्ये आपण लिहून द्यावीत. सोयीसाठी प्रश्न देते : पूर्वीच्या पुस्तिकेची अडचण काय होती? काम चालू असताना माझ्या पद्धतीत आपल्याला काय उपयोगी वाटले? पुस्तिका गेल्यावर काय फरक दिसला? एखादी उणीव राहिली असेल तर तीही जरूर कळवावी. हा अभिप्राय आपल्या नावाने व हुद्द्याने, तारखेसह छापला जाईल.

दुसरी विनंती परवानगीची. पुस्तिकेतील पान ५, ६ (पंप सुरू करणे) व पान ११, १२ (बिघाड ओळखणे) एवढी चार पाने माझ्या कामाचे नमुने म्हणून दाखवू इच्छिते. ती माझ्या संकेतस्थळावर आणि नव्या ग्राहकांना पाठविण्याच्या पीडीएफमध्ये असतील, अन्यत्र कोठेही नाही. आराखडे, किमती अथवा वितरकांसाठीचा मजकूर दाखविला जाणार नाही. आपण फक्त पुढीलपैकी एक अक्षर कळविले तरी पुरे :
अ – कंपनीच्या नावासह दाखवावे
ब – नाव व बोधचिन्ह झाकून, "पश्चिम महाराष्ट्रातील पंप उत्पादक" असे लिहून दाखवावे
क – दाखवू नये

आपले उत्तर येईपर्यंत यातील काहीही प्रसिद्ध करणार नाही. पुढे कधी आपला विचार बदलल्यास कळवावे, सात दिवसांत ती पाने काढून घेईन. महिनाअखेरपर्यंत उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल.

आपली विश्वासू

पत्र एवढेच. यात स्तुती नाही, "आपल्यासारख्या थोर उद्योजकांच्या आशीर्वादाने" वगैरे काही नाही. शाळेत शिकवलेल्या अर्जाच्या नमुन्यातून अशी वाक्ये पुष्कळ मुलांच्या हाताला चिकटलेली असतात आणि ती निघता निघत नाहीत. पत्राच्या सुरुवातीला ग्राहकाचेच बोलणे त्याला आठवण करून दिले आहे, त्यामुळे हे पत्र कशाबद्दल आहे, हे त्याला शोधावे लागत नाही.

दोन विनंत्या वेगळ्या ठेवण्याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे. अभिप्राय देण्यात ग्राहकाचे श्रम जातात, धोका फारसा नसतो. परवानगी देण्यात श्रम काहीच नाहीत. पण धोका असतो. प्रतिस्पर्ध्याला काही कळेल का, मालक रागावतील का, अशी शंका त्याच्या मनात येते. अभिप्राय सेवा विभागाचा प्रमुख स्वतः देऊ शकतो. परवानगीसाठी कदाचित त्याला मालकाकडे जावे लागते. दोन्ही एकाच वाक्यात मागितल्या की अवघड गोष्टीपायी सोपी गोष्टही अडकून बसते. म्हणून श्रमाची विनंती प्रश्न देऊन हलकी केली आणि धोक्याची विनंती पाने, ठिकाणे व पर्याय देऊन आखून घेतली. "माझे काम दाखवू का?" या प्रश्नाला सावध माणूस नाहीच म्हणतो. "ही चार पाने या दोन ठिकाणी दाखवू का?" याला तो विचार करून उत्तर देतो.

उत्तर तिसऱ्या दिवशी आले. परवानगीबद्दल लिहिले होते, "अ चालेल, पण बोधचिन्हाचे मालकांना विचारावे लागेल, तूर्त झाका. आणि पान १२ वर आमच्या मिस्त्रींचा मोबाईल नंबर आहे, तो दिसता कामा नये." हा नंबर लेखिकेच्या लक्षातच आला नव्हता. पुस्तिका पेटीतून गेली तर तो नंबर पंप घेणाऱ्याकडे जातो. संकेतस्थळावर गेला तर कोणाकडेही जातो. आपल्याला किरकोळ वाटणारी गोष्ट ग्राहकाला डाचते ती अशी. तिने उत्तर दिले, त्यात ठरलेले सारे पुन्हा एकदा लिहिले : चार पाने, नाव असेल, बोधचिन्ह झाकलेले, नंबर खोडलेला, आणि तयार पानांचे चित्र जोडून, "असे दिसेल, एकदा पाहून घ्यावे," असे कळविले. त्याला "ठीक आहे" असे उत्तर आले. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, जिथे कायद्याला लेखी हवे असते तिथे पुन्हा पाहता येईल असा इलेक्ट्रॉनिक मजकूरही चालतो. तेव्हा ई-मेलवरची ही दोन शब्दांची संमतीही लेखी संमतीच होय. मात्र तो मूळ ई-मेल सांभाळून ठेवावा, नुसते त्याचे चित्र काढून ठेवून भागत नाही. फोनवर मिळालेली परवानगी असेल तर त्याच दिवशी, "आज फोनवर आपण असे सांगितलेत," असा ई-मेल टाकून त्याला होकार घ्यावा.

अभिप्राय मात्र निराशा करणारा होता. "पुस्तिका छान झाली आहे. भाषा सोपी आहे. वेळेत काम दिले. धन्यवाद." यात खोटे काही नाही, पण हे कोणत्याही कामाबद्दल कोणीही लिहू शकेल. नवा ग्राहक असली वाक्ये वाचतच नाही. अशा वेळी पुन्हा पत्र पाठवून "जरा सविस्तर लिहा" म्हणणे बरे दिसत नाही. लेखिकेने आभाराचा फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, "फोन कमी झाले म्हणालात, ते तुमच्या कसे लक्षात आले?" साहेब हसून म्हणाले, "अहो, परवा एका शेतकऱ्याचा फोन आला. म्हटलं, काय झालं? तर म्हणतो, काही नाही, बारा नंबरच्या पानावर लिहिलंय तसं केलं, पंप चालला, एवढंच सांगायला फोन केला!" माणसे लिहिताना औपचारिक होतात आणि बोलताना खरे सांगतात. तिने ते बोलणे लगेच टिपून घेतले आणि पुढील मजकूर जुळवून त्यांच्याकडे मान्यतेसाठी पाठविला.

"आमच्या जुन्या पुस्तिकेची भाषा शेतकऱ्यांना कळत नसे. या लेखिकेने दोन दिवस कारखान्यात बसून, येणारे फोन ऐकून नवी पुस्तिका लिहिली. पंप पाणी उचलत नाही, असे सांगणारे फोन आता निम्मे झाले आहेत. बारा नंबरच्या पानावर लिहिल्याप्रमाणे केले आणि पंप चालला, असे सांगायला एका शेतकऱ्याने मुद्दाम फोन केला."

ग्राहकाच्या वतीने मसुदा करून देणे योग्य की अयोग्य, यावर आमच्यातही मतभेद आहेत. आमचे म्हणणे असे की, त्यातील प्रत्येक गोष्ट ग्राहकाने स्वतः सांगितलेली असेल आणि शेवटचा शब्द त्याचा असेल, तर हरकत नाही. त्याने न उच्चारलेले विशेषण आपण घातले की तो अभिप्राय राहत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली फसव्या जाहिरातींबाबत काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही जाहिरातीतील शिफारस ही त्या माणसाचे खरे आणि अलीकडचे मत असावे, त्याला पुरेशा माहितीचा किंवा अनुभवाचा आधार असावा, अशीच अपेक्षा आहे. लेखकाने आपल्या संकेतस्थळावर लावलेला अभिप्राय ही त्याची जाहिरातच असते, हे विसरू नये.

या मसुद्यात एक शब्द अडला. "निम्मे" हा शब्द साहेबांनी फोनवर सहज वापरला होता. लेखिकेने मसुद्याखाली विचारले, "तक्रारवहीत याची मोजणी आहे का? असल्यास आकडा घालू, नसल्यास शब्द बदलू." वही पाहिली तेव्हा तीत फोनची तारीख आणि गाव होते, कारण नव्हते. म्हणजे निम्मे की तिसरा हिस्सा, कोणीच सांगू शकत नव्हते. त्या जागी "बरेच कमी झाले आहेत" असे आले आणि साहेबांनी मजकूर मान्य केला. मोठा आकडा हातचा गेला म्हणून लेखिका थोडी हिरमुसली होती. पण पुढे एखाद्या ग्राहकाने त्याच कंपनीत फोन करून खात्री केली असती, तर तो आकडा टिकला नसता. बारा नंबरच्या पानाची गोष्ट मात्र टिकली असती.

उत्तर आलेच नसते तर काय करायचे, हेही सांगून ठेवतो. आठ-दहा दिवसांनी एकदा, त्याच ई-मेलला जोडून, दोन ओळींची आठवण द्यावी आणि "सध्या सवड नसल्यास तसे कळविले तरी चालेल" असे लिहावे. त्यानंतर गप्प बसावे. तिसरे पत्र पाठविले की पुढचे काम जाते, असा अनुभव आहे.

काही कामांत हे पत्र ग्राहकाला लिहूनच चालत नाही. एखाद्या जाहिरात संस्थेमार्फत काम आले असेल, तर आपला ग्राहक ती संस्था; पंपाच्या कंपनीला परस्पर पत्र लिहिणे म्हणजे मधल्या माणसाला डावलणे होय. आधी त्या संस्थेला विचारावे, मूळ कंपनीला तिनेच विचारावे. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली भाषणे किंवा आत्मचरित्रे यांत तर नमुना मागूच नये. ज्याने आपल्या नावाने छापण्यासाठी लिहून घेतले, त्याला ते दुसऱ्याने लिहिले हे जगाला कळू द्यायचे नसते. तिथे फार तर "माझे लेखनाचे काम यांनी वेळेत व नीट केले" एवढा, कामाचे नाव न घेणारा अभिप्राय मिळतो.

आणि "क" असे उत्तर आले तर? आमच्या लेखिकेला पुढच्याच वर्षी एका औषध विक्रेत्याकडून तसे आले. तिने "कळविल्याबद्दल आभारी आहे, त्याप्रमाणे काहीही दाखविणार नाही," एवढेच लिहिले. मग त्याच प्रकारचा मजकूर तिने घरी बसून नव्याने लिहिला, कोणत्याही कंपनीचे नाव न घेता, वेगळी उदाहरणे घेऊन, आणि त्यावर ठळक अक्षरांत "सराव नमुना" असे छापले. तिच्या नमुन्यांत पंपाची चार पाने पहिली आहेत आणि तो सराव नमुना तिसरा आहे.